बाटलीच्या कच्च्या स्केचवरून रेंडर करताना या चुका टाळा

दिंडोरी आणि निफाड भागातल्या द्राक्ष उत्पादकांनी स्वतःच्या नावाने रस, सिरप किंवा वाइन बाजारात आणायचे ठरवले, की नाशिकमधल्या पॅकेजिंग डिझायनरकडे बहुधा वहीच्या पानावर पेन्सिलने काढलेली बाटली येते. त्या रेघांवरून स्टुडिओत टिपल्यासारखे चित्र तयार करण्यासाठी स्टेबल डिफ्यूजन या चित्रे घडवणाऱ्या एआय मॉडेलमधील, दिलेल्या चित्रावरून नवे चित्र काढणारी इमेज-टू-इमेज पद्धत आता सर्रास वापरली जाते, आणि तिच्यातली बहुतेक फसगत `Denoising strength` या एकाच स्लायडरभोवती होते. ०.३ ठेवले तर चित्र पेन्सिलचेच राहते, ०.८ ठेवले तर बाटली देखणी होते पण ती आपली राहत नाही. मग मधला एखादा जादूचा आकडा असेल या समजुतीने माणूस तासन्‌तास तो स्लायडर मागेपुढे करत बसतो. नुसत्या रेघांच्या स्केचसाठी असा आकडा सहसा सापडत नाही, आणि त्याचे कारण या पद्धतीच्या रचनेतच आहे.

स्ट्रेंथ म्हणजे सफाईचे प्रमाण नव्हे. मूळ चित्रावर किती नॉइज, म्हणजे यादृच्छिक ठिपके, मिसळून ते किती पुसायचे, हे तो आकडा ठरवतो. पुसलेला भाग मॉडेल आपल्या प्रशिक्षणातून आणि प्रॉम्प्टमधून, म्हणजे आपण लिहून दिलेल्या वर्णनातून, पुन्हा भरते. या पुसण्याला एक क्रम असतो. बारीक तपशील आधी नाहीसे होतात, तर मोठे रंगपट्टे आणि उजेड-अंधाराची ढोबळ विभागणी बऱ्याच उशिरापर्यंत टिकून राहते. शिवाय नॉइज मिसळण्यापूर्वी चित्र प्रत्येक बाजूने आठपट लहान अशा लेटंट स्वरूपात जाते, म्हणजे ८३२ × १२१६ पिक्सेलच्या चित्राचे तिथे १०४ × १५२ चौकटींचे जाळे होते. दोन पिक्सेल जाडीची पेन्सिलची रेघ त्या जाळ्यात एका चौकटीचाही पूर्ण भाग व्यापत नाही.

याचा परिणाम नेमका उलटा होतो. आपल्याला हवी असलेली खांद्याची रेघ आधी पुसली जाते आणि नको असलेला कागदाचा पांढरेपणा शेवटपर्यंत चिवटपणे टिकतो. त्यामुळे स्लायडर वाढवला तरी बराच काळ पांढऱ्या पार्श्वभूमीवरची सपाट, चित्रासारखी बाटली मिळत राहते, आणि ती काचेची दिसू लागते तोवर तिची बाह्यरेखा हातची गेलेली असते. म्हणून सुधारणा स्लायडरमध्ये नव्हे, तर स्केचमध्ये करायला हवी.

उदाहरणादाखल, द्राक्षरसाची ७५० मिलिलिटरची गडद हिरवी बाटली घेऊ. मालकाला उतरत्या खांद्यांची, लांब मानेची बाटली हवी आहे. तशीच स्केचमध्ये काढलेली आहे. नुसत्या रेघांवर ०.७५ स्ट्रेंथ लावली, की खांदे हमखास वर सरकून काटकोनाकडे झुकतात, कारण मॉडेलने वाइनच्या उंच, सरळ खांद्यांच्या बाटल्या फार मोठ्या संख्येने पाहिलेल्या असतात. मॉडेल आकार विसरत चालले आहे, हे ओळखण्याची सर्वांत भरवशाची जागा खांदा हीच आहे.

यावर उपाय साधा आहे. क्रिटामध्ये किंवा तुमच्या सवयीच्या कोणत्याही चित्र-प्रणालीत स्केचखाली एक नवा थर घ्यावा. पार्श्वभूमी मध्यम करड्या रंगाने भरावी, बाटलीचा संपूर्ण आकार गडद हिरव्याने भरावा, डाव्या बाजूला खांद्यापासून तळापर्यंत जाणारा एक रुंद फिकट पट्टा आणि उजव्या कडेला एक अरुंद पट्टा ओढावा, आणि तळाशी सावलीचा काळसर डाग द्यावा. त्यानंतर पेन्सिलच्या रेघांचा थर बंद करावा, कारण आता आकार रेघेने नव्हे तर रंगाच्या कडेने सांगितलेला आहे. हे रंगकाम ओबडधोबड असले तरी चालते. अर्ध्या तासाच्या आत ते होते. अशा चित्रावर ०.५५ ते ०.६५ स्ट्रेंथ ठेवली, की खांद्यांचा उतार बराचसा टिकतो आणि पृष्ठभाग काचेचा होतो. प्रॉम्प्टमध्ये स्केच किंवा पेन्सिल हे शब्द येऊ देऊ नयेत. हव्या असलेल्या अंतिम वस्तूचेच वर्णन करावे:

```
studio product photo, dark green glass bottle, sloping shoulders,
long neck, softbox reflection on left side, grey background
```

हे भरतानाच आकाराची एक तपासणी करून घ्यावी. बाटली ही मध्य अक्षाभोवती फिरवलेली वस्तू असल्यामुळे चांगली जमलेली अर्धी बाजू आरशासारखी उलटवून दुसऱ्या बाजूला लावावी. कॅमेरा मानेच्या उंचीवर मानला, तर तोंडाचे वर्तुळ जवळजवळ सरळ रेषेसारखे आणि तळाचे वर्तुळ अधिक फुगीर दिसायला हवे. स्केचमध्ये बहुधा दोन्ही सारखीच काढलेली असतात, आणि ०.६ च्या आसपास मॉडेल ही चूक सुधारत नाही, उलट ती चकचकीत करून देते.

पहिला निकाल पसंत पडला, की तोच पुन्हा आत देऊन ०.३ ते ०.३५ वर दुसरा फेरा घ्यावा. त्यात कडा आणि प्रतिबिंबे नितळ होतात. इथे पुष्कळांना चित्र धूसर मिळते, आणि त्याचे कारण स्टेप्समध्ये, म्हणजे नॉइज काढण्याच्या टप्प्यांच्या संख्येत असते. स्टेबल डिफ्यूजन चालवणाऱ्या ऑटोमॅटिक११११ आणि डिफ्यूझर्स या प्रणालींमध्ये प्रत्यक्ष चालणाऱ्या स्टेप्स म्हणजे दिलेल्या स्टेप्स गुणिले स्ट्रेंथ. २० स्टेप्स आणि ०.३ स्ट्रेंथ म्हणजे अवघ्या ६. तिथे ५० द्याव्यात. कम्फीयूआय या तशाच दुसऱ्या प्रणालीच्या केसॅम्पलरमध्ये मात्र `denoise` काहीही असले तरी सांगितलेल्या सर्व स्टेप्स चालतात, त्यामुळे एका प्रणालीतली आकड्यांची जोडी दुसरीत जशीच्या तशी नेऊ नये. तिसरा, चौथा फेरा टाळलेलाच बरा, कारण प्रत्येक फेऱ्यात चित्र लेटंटमध्ये जाऊन परत येताना थोडा तपशील गमावते. स्ट्रेंथची तुलना करताना नॉइजची मांडणी ठरवणारा `Seed` हा आकडा एकच ठेवावा, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळत नाही.

बाटली बुटकी किंवा जाड निघाली, तर स्ट्रेंथला हात लावण्यापूर्वी कॅनव्हास पाहावा. मोबाइलवर ३:४ प्रमाणात काढलेला उभा फोटो `Just resize` निवडून चौरसात बसवला, की उंचीच्या मानाने बाटली एक तृतीयांशाने रुंद होते. फोटो आधी अंतिम प्रमाणात कापून घ्यावा. तसेच ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत हाताची सावली आणि कागदाचा पिवळेपणा असतो. हेही मोठे, ढोबळ डागच असल्यामुळे ते रेंडरमध्ये उतरतात आणि हिरवी काच मळकट दिसते.

उतरते खांदे ०.६ वरही सरकत असतील, तर रेघांवरून आकार धरून ठेवणारे कंट्रोलनेटचे लाइनआर्ट किंवा स्क्रिबल मॉडेल जोडावे आणि त्याचे वजन ०.६ ते ०.८ ठेवावे. इथे आपली पेन्सिलची रेघ खऱ्या अर्थाने कामी येते. ही मॉडेल्स काळ्यावर पांढऱ्या रेघा अपेक्षितात, त्यामुळे स्कॅन उलटवणारा प्रीप्रोसेसर निवडायला विसरू नये. तो चुकला तर आकार पकडलाच जात नाही आणि दोष पुन्हा स्ट्रेंथवर जातो.

लेबलवरची देवनागरी अक्षरे या प्रक्रियेतून नीट येतील अशी अपेक्षा धरू नये. लेबलची जागा कोरी ठेवून ते नंतर वेगळ्या थरावर, बाटलीच्या वक्रतेप्रमाणे वाकवून बसवावे. आणि हे रेंडर मालकाच्या पसंतीसाठी आहे. काचेच्या कारखान्याला साचा करण्यासाठी तोंडाचा व्यास, काचेची जाडी आणि तळाची खोली दाखवणारा मापांचा आराखडा स्वतंत्रपणे काढून द्यावा लागतो.