लंबदुभाजकाचे समीकरण काढून परिकेंद्र कसे शोधावे

A(-3, 1), B(5, 5) आणि C(5, -3) हा त्रिकोण घेऊ. याचे परिकेंद्र शोधायचे, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावर असलेला बिंदू काढायचा. दोन बाजूंचे लंबदुभाजक जिथे छेदतात तोच तो बिंदू, म्हणून तिसरा लंबदुभाजक काढण्याची गरज नसते.

आधी बाजू AB. मध्यबिंदूसाठी निर्देशकांची बेरीज करून निम्मे करा: x = (-3 + 5)/2 = 1 आणि y = (1 + 5)/2 = 3. इथे घाईत वजाबाकी केली की x चे 4 होते. चढाच्या सूत्रात वजाबाकी असते, तिच्याशी हा गोंधळ होतो.

AB चा चढ (5 - 1)/(5 + 3) = 1/2. लंबरेषेचा चढ काढताना अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्हही बदलायचे, म्हणून तो -2. ही रेषा मध्यबिंदूतून जाते, समोरच्या शिरोबिंदू C मधून नव्हे. C मधून काढली तर तो शिरोलंब होईल आणि उत्तर परिकेंद्राचे येणार नाही.

y - 3 = -2(x - 1)
2x + y = 5

आता BC. दोन्ही टोकांचे x निर्देशक 5 आहेत, त्यामुळे चढाच्या छेदात शून्य येते. सूत्र इथे अडते, पण रेषा उभी आहे एवढे कळले की पुरे: तिचा लंबदुभाजक आडवा, मध्यबिंदू (5, 1) मधून जाणारा, म्हणजे y = 1. ही किंमत आधीच्या समीकरणात घातली की x = 2. परिकेंद्र O(2, 1).

चढाची ही अडचण मुळातच टाळायची असेल तर अंतराची व्याख्या वापरा. लंबदुभाजकावरचा प्रत्येक बिंदू A आणि B पासून समदूर असतो:

(x + 3)² + (y - 1)² = (x - 5)² + (y - 5)²

कंस सोडवले की x² आणि y² दोन्हीकडून जातात, 16x + 8y = 40 उरते, म्हणजे पुन्हा 2x + y = 5. रेषा उभी असो की आडवी, ही रीत कुठेच अडत नाही. x² किंवा y² उरला, तर कंस सोडवताना चूक झाली असे समजा.

पडताळा मात्र तिन्ही अंतरांचा घ्या. OA = 5, OB = √(9 + 16) = 5, OC = √(9 + 16) = 5. परिवर्तुळाची त्रिज्या 5.

अंतरे जुळली नाहीत तर तीच चूक कुठे आहे ते दाखवतात. समजा, AB च्या लंबरेषेचा चढ काढताना चिन्ह बदलायचे राहिले आणि 2 घेतला. मग y = 2x + 1 येते आणि छेदनबिंदू (0, 1) मिळतो. त्यापासून B आणि C दोन्ही √41 अंतरावर, पण A फक्त 3 वर. म्हणजे BC चा लंबदुभाजक बरोबर आहे, AB चा तपासायचा.

परिकेंद्र त्रिकोणाबाहेर आले म्हणून मात्र आकडेमोड खोडू नका. विशालकोन त्रिकोणात ते बाहेरच असते आणि काटकोन त्रिकोणात कर्णाच्या मध्यावर. पण दोन्ही लंबदुभाजक समांतर निघाले, तर दिलेले तीन बिंदू एकरेषीय आहेत. त्यांतून वर्तुळ जात नाही.