सांत्वन करताना मराठी की इंग्रजी? या चुका टाळा

सांत्वन करताना होणारी एक मोठी चूक चटकन लक्षातही येत नाही. समोरची व्यक्ती मराठीत बोलता बोलता एकदम इंग्रजीवर जाते आणि आपण तिला पुन्हा मराठीत ओढतो.

समजा, गर्भपात झालेली मैत्रीण सांगतेय, "रात्री पोटात दुखायला लागलं, मग आम्ही गेलो, आणि… देअर वॉज नो हार्टबीट." हे शेवटचं वाक्य मराठीत बोलायला गेली असती तर तिला ते पूर्ण करता आलं नसतं. इंग्रजी हा तिने धरलेला कठडा आहे. अशा वेळी "अगं, रड ना मोकळेपणी" म्हणणं म्हणजे तिचा हात त्या कठड्यावरून सोडवणं. त्याच भाषेत, दोन-तीन शब्दांत उत्तर द्या: "आय नो. टेक युअर टाइम." मग गप्प राहा. ती आपणहून मराठीत आली की तुम्हीही या. मग "मी आहे गं इथे" एवढं पुरतं.

यामागे कारण आहे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून, भावना किती उसळते हे कळावं म्हणून त्वचेची विद्युत-प्रतिक्रिया मोजली. लहानपणी ऐकलेली रागावणी मातृभाषेत जास्त झोंबली. मायेचे शब्द जिथे मुरतात, तिथेच रागावण्याचेही मुरतात.

म्हणून शोकात, भीतीत मराठी जवळची वाटते. पण लाज गुंतलेली असेल, म्हणजे नोकरी गेली, लग्न मोडलं, मानसोपचार सुरू आहेत, तर इंग्रजी अनेकांना सोपी जाते. "डिप्रेशन आहे" म्हणता येतं, पण "मला जगावंसं वाटत नाही" हे ओठांवर येत नाही. (तशी शंका आली तर मात्र भाषेचा विचार न करता सरळ विचारा.) "रडू नकोस, शहाण्यासारखं वाग" हे मराठीत बोललात तर ते ओरडा खाल्ल्यासारखं लागू शकतं. समोरचा माणूस ताठ होऊन नुसतं "हो, बरोबर" म्हणू लागला, की समजा चुकलं.

"आय ॲम सॉरी"चं शब्दशः मराठी करू नका. "मला माफ कर" म्हटलं की दोष तुमचा ठरतो, आणि "तुझ्या नुकसानीबद्दल" हे विम्याच्या पत्रातलं वाटतं. "फार वाईट झालं" किंवा "काय बोलावं सुचत नाही" पुरे.

आणखी एक अडचण सहकाऱ्यांशी येते. इंग्रजीतल्या "यू"मध्ये तू-तुम्ही झाकलं जातं. मराठीत आलात की निवडावंच लागतं. एरवी "तुम्ही" म्हणत असाल तर दुःखाच्या वेळी एकदम "तू"वर येऊ नका. "तुम्ही जेवलात का?" यातही पुरेशी माया असते.