फोटो आलाच नाही, फक्त ‘भाषांतर करून द्या’ एवढंच आलं, तर काय करावं?

‘खालच्या परिच्छेदाचं मराठी करून द्या, उद्या संध्याकाळपर्यंत पाहिजे.’ मेसेज एवढाच, आणि त्याच्या खाली काही नाही. खानापूर, निपाणी, बेळगाव या भागात कन्नड आणि मराठी दोन्ही नीट वाचणाऱ्या माणसाला असे मेसेज येतच असतात. सरकारी कागद कन्नडमध्ये येतो, घरात वाचन मराठी. मग तो कागद गल्लीतल्या गुरुजींकडे, निवृत्त क्लार्ककडे किंवा कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीकडे जातो. हल्ली तो फोटो होऊन जातो, आणि कधीकधी वाटेतच गळतो.

अशा वेळी काय करावं, ते एका उदाहरणावरून सांगतो. समजा खानापूर तालुक्यातल्या एका काकांना शेताबद्दलची नोटीस आली आहे. त्यांच्या मुलाने तुम्हाला वरचा मेसेज पाठवला आहे आणि शेवटी ‘शेताची नोटीस आहे’ असं जोडलं आहे. परिच्छेद मात्र तुमच्यापर्यंत आलेला नाही.

आधी अंदाज बांधायचा थांबा

अनुभवी माणसाचा धोका इथेच असतो. शेताच्या नोटिसा साच्यातल्या असतात. दहा-वीस वाचल्या की पुढचं वाक्य डोळ्यांसमोर उभं राहतं. मुलगा घाईत असतो, आणि ‘हरकत असेल तर ३० दिवसांत कळवा, असंच काहीतरी असेल’ हे तोंडातून निघून जातं. तसं सांगू नका आणि लिहून तर मुळीच देऊ नका.

शेताची नोटीस दोन अगदी वेगळ्या कामांची असू शकते. एक फेरफाराची असते, म्हणजे खरेदी, वाटणी किंवा वारसा नोंदीमुळे उताऱ्यावरचं नाव बदलणार असतं. तिला उत्तर म्हणून लेखी हरकत द्यावी लागते. दुसरी मोजणीची असते, म्हणजे कन्नड कागदात जिला ‘हद्दुबस्तु’ म्हणतात ती हद्द ठरवण्याची. तिच्यात ठरल्या दिवशी बांधावर हजर राहायचं असतं. दोन्हींमध्ये सर्व्हे नंबर असतो, गावाचं नाव असतं, तारीख असते. अंदाज चुकला तर काका ज्या दिवशी शेतात उभे राहायला हवे होते, त्या दिवशी कचेरीच्या दारात असतील.

सूचनेत काय आहे आणि काय नाही, ते वेगळं करा

सूचना पुन्हा वाचा. भाषा कोणती हवी ते कळतं: मराठी. केव्हा हवं ते कळतं. विषय अर्धवट कळतो. पण मूळ कन्नडमध्येच आहे, हे कुठेही लिहिलेलं नाही. तो आपला समज आहे. संपूर्ण नोटीस हवी की एकच परिच्छेद, तेही स्पष्ट नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे मराठी कशासाठी हवं आहे, ते नाही. काकांना समजावं म्हणून असेल तर सोपं, बोलीच्या जवळचं मराठी चालतं. वकिलाला दाखवायचं असेल तर शब्दाला शब्द धरून, क्रम न बदलता लिहावं लागतं. कोर्टात दाखल करायचं असेल तर घरगुती भाषांतर पुरणार नाही. तिथे कोणतं भाषांतर चालतं, हे वकिलालाच विचारायला सांगा.

आपल्या भागात दिशेचाही घोळ होतो. तहसीलदार कचेरीला द्यायचा मराठी अर्ज कन्नडमध्ये करून हवा असतो आणि मेसेजमध्ये नुसतं ‘ट्रान्सलेट करा’ एवढंच असतं. ‘उतारा’ म्हटलं तर आणखी एक शंका येते: पुस्तकातला उतारा की शेताचा? या प्रश्नांची उत्तरं न विचारता गृहीत धरू नका.

फोटो कुठे गळला ते शोधा

विचारण्याआधी कारण ओळखता आलं तर काम पटकन होतं. बहुतेक वेळा फोटो आणि मजकूर हे दोन वेगळे मेसेज असतात आणि पुढे ढकलताना फक्त मजकूर निवडला जातो. फोटोखालचा मजकूर कॉपी करून पाठवला तरी फोटो मागे राहतो. कधी फोटो ‘एकदाच पाहा’ या प्रकारात पाठवलेला असतो. तो एकदा उघडून बंद केला की पुन्हा उघडत नाही आणि पुढेही पाठवता येत नाही. आणि कधी मूळ फोटो ज्याच्याकडून आला, त्याच्याच फोनमधून पुसलेला असतो.

मुलगा सांगेल, ‘मी टाकलो की फोटो, तुमच्याकडंच दिसंना काय?’ त्याच्या फोनमध्ये फोटो दिसत असेल, म्हणून त्याला ते खरंच वाटतं. वाद घालू नका. तुमच्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट पाठवा. काय आलं आणि काय आलं नाही, ते त्याला लगेच दिसतं.

एकाच मेसेजमध्ये सगळं विचारा

‘फोटो आला नाही’ एवढंच लिहिलं तर फोटो येतो, पण अर्धा येतो. मग दुसरा प्रश्न, मग तिसरा, आणि संध्याकाळ होते. असं लिहा:

‘तुमचा मजकूर मिळाला, नोटिशीचा फोटो मिळाला नाही. कागद टेबलावर सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, चारही कोपरे दिसतील असा पूर्ण पानाचा फोटो घ्या. मागच्या बाजूला काही लिहिलं किंवा शिक्का असेल तर तिचाही घ्या. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मराठी काकांना वाचण्यासाठी हवं आहे की वकिलासाठी, तेही कळवा. आणि नोटीस घरी कोणत्या तारखेला मिळाली?’

डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगण्याचं कारण साधं आहे: नेहमीसारखा फोटो पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि कन्नड अक्षरांचे बारीक फाटे बुजतात. आकड्यांना तर त्याचा फटका जास्त. कन्नड एक हा जवळजवळ शून्यासारखाच गोल असतो, फक्त एका बाजूला उघडा. फोटो धूसर झाला की ती फट दिसत नाही आणि सर्व्हे नंबर बदलून जातो.

कागद दूरच्या गावी आहे आणि फोटो मिळणारच नाही, असं झालं तर फोनवर वाचून घेता येतं. वाचणाऱ्याला कन्नड सावकाश वाचायला सांगा आणि तुम्ही ते कन्नडमध्येच उतरवा, ऐकता ऐकता मराठी करू नका. मग तुम्ही उतरवलेलं त्याला परत वाचून दाखवा. आकडे एकेक करून म्हणवून घ्या.

परिच्छेद हातात आल्यावर

समजा फोटो आला आणि मुख्य वाक्यं अशी निघाली: ‘सदरि जमीनिन हक्कु बदलावणेगे संबंधिसिदंते आक्षेपणे इद्दल्लि, ई नोटीस तलुपिद ३० दिनगळ ओळगागि लिखितवागि सल्लिसतक्कद्दु. तप्पिदल्लि यावुदे आक्षेपणे इल्लवेंदु परिगणिसलागुवुदु.’

‘हक्कु बदलावणे’ म्हणजे शब्दशः हक्क बदलणं, पण आपल्या शेतकऱ्याला कळणारा शब्द ‘फेरफार’. तोच वापरा. ‘आक्षेपणे’ला हरकत. ‘तक्कद्दु’ ही विनंती नसते. सरकारी मराठीत तिथे ‘दाखल करावी’ असं लिहिलं जातं, पण काकांना तो सल्ला वाटू शकतो, म्हणून ‘दाखल केली पाहिजे’ बरं. दुसरं वाक्य गाळून चालणार नाही, कारण गप्प बसण्याचा परिणाम त्यात सांगितला आहे.

मराठी असं होईल: ‘सदर जमिनीच्या फेरफाराबाबत हरकत असल्यास, ही नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती लेखी दाखल केली पाहिजे. तसे न केल्यास कोणतीही हरकत नाही असे समजले जाईल.’

आता अंदाजाने सांगितलं असतं ते वाक्य आठवा: ‘३० दिवसांत कळवा.’ विषय बरोबर निघाला, दिवसही बरोबर निघाले, तरी त्यात दोन गोष्टी नाहीत. लेखी द्यायचं, हे नाही. आणि दिवस कधीपासून मोजायचे, हेही नाही. मूळात ‘तलुपिद’ आहे, म्हणजे पोहोचल्यापासून. नोटिशीवर ३ जून ही तारीख असेल आणि ती काकांच्या हातात १९ जूनला पडली असेल, तर कागदावरची तारीख धरणारा माणूस ३ जुलैलाच मुदत संपली असं मानून घरी बसेल. मिळालेला दिवस धरला तर मुदत १९ जुलैच्या आसपास जाते. घरी मिळाल्याची तारीख विचारायची ती यासाठीच. नेमका शेवटचा दिवस मात्र काकांनी कचेरीतच विचारून घ्यावा. भाषांतरात आपण हिशोब करून तारीख घालू नये.

क्षेत्राचा आकडाही तसाच ठेवा. कर्नाटकातल्या पहाणीवर क्षेत्र एकर-गुंठ्यात असतं. ‘२-१५’ म्हणजे २ एकर १५ गुंठे, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ते ‘२.१५ एकर’ असं लिहिलं की क्षेत्र चुकलं. खरं ते जवळजवळ २.३८ एकर होतं. महाराष्ट्राच्या सातबाऱ्याची सवय असलेल्यांसाठी हेक्टर करून देण्याचा मोहही टाळा. नावं आधार कार्डावर किंवा जुन्या उताऱ्यावर मराठीत जशी लिहिली आहेत तशी घ्या. कन्नड नोटिशीत नावाचं वळण बदललेलं असेल तर मूळ नोटिशीतला उच्चार कंसात द्या. दोन नावं एकाच माणसाची आहेत असं ठरवणं आपलं काम नाही.

वाचता न आलेल्या जागी [अस्पष्ट] असं लिहा. शिक्क्याखाली दबलेला शब्द संदर्भावरून लागत असेल तरी तो चौकटी कंसातच ठेवा, म्हणजे वाचणाऱ्याला तो तुमचा आहे हे कळेल.

पाठवताना मराठी मजकुराच्या वर दोन ओळी घाला: कोणत्या तारखेला मिळालेल्या कोणत्या फोटोवरून, किती पानांचं हे भाषांतर आहे, आणि ते फक्त माहितीसाठी आहे. फोनवर ऐकून केलं असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि मूळ कागदाशी ताडून घ्यायला सांगा. त्याच मेसेजबरोबर तो फोटोही परत जोडा. हे मराठी पुढे वकिलाकडे किंवा थोरल्या भावाकडे ढकललं जाईल, तेव्हा मूळ नोटीस सोबत असू दे.