वकिलांची पहिली भेट ठरवताना

फोनवर आजोबांपासूनची कहाणी सुरू करू नका. आधी छोटा मेसेज पाठवा. असा:

‘नमस्कार सर. जुन्नर तालुक्यात वडिलोपार्जित शेतजमीन आहे. वडील २०१९ मध्ये वारले. वारस नोंदीत भावांनी माझं नाव वगळलं, हे ३ मार्चला सातबारा काढल्यावर कळलं. सातबारा, वडिलांचा मृत्यूचा दाखला आहे; फेरफाराची नक्कल नाही. भेटीची वेळ आणि फी कळवाल का?’

कळल्याची तारीख गाळू नका. फेरफाराविरुद्ध अपिलाला मुदत असते, त्यामुळे वकील बहुधा तीच आधी विचारतात. नसलेला कागदही सांगा, म्हणजे भेटीआधी तलाठ्याकडून काय आणायचं ते कळतं. वरच्या नमुन्यात नाहीत, पण भावांची नावंही द्या. त्यांचं वकीलपत्र याच वकिलांकडे निघालं, तर तुमची फेरी वाचते (तालुक्याच्या गावी हे होऊ शकतं).