रिव्ह्यूमध्ये प्रेक्षक किमतीवर कधी उडी मारतो, हे कसं शोधावं

मिक्सरचा रिव्ह्यू असो की हेडफोनचा, पुण्यातल्या प्रेक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: केवढ्याला? तुम्ही भांड्यांचा स्टील गेज समजावत असता आणि तो बोटानं लाल पट्टी पुढे ढकलत असतो. त्यावर सगळीकडे मिळणारा सल्ला असा की किंमत शेवटी ठेवा, म्हणजे लोक थांबतील. लोक थांबत नाहीत, उडी मारतात. ती उडी कुठून निघाली आणि कुठे पडली, हे तुमच्याच चॅनेलच्या आकड्यांतून काढता येतं.

आधी किंमत आणि निकाल नेमके कोणत्या सेकंदाला सुरू होतात आणि कुठे संपतात, ते कागदावर लिहून घ्या. मग यूट्यूब स्टुडिओत त्या व्हिडिओच्या Analytics मध्ये जाऊन Key moments for audience retention हा आलेख पाहा. नवीन व्हिडिओचा आलेख भरायला एक-दोन दिवस जातात, तोवर उघडझाप करत बसू नका.

आता गोंधळाचा भाग. आलेखात किमतीच्या जागी उंचवटा दिसला की बरेच जण खूश होतात, ‘हा भाग लोकांना आवडला’. आवडला कशावरून? असा उंचवटा तीन कारणांनी येतो. लोक मागून उडी मारून तिथे आले, किंवा तिथलं ऐकून पुन्हा मागे आले, किंवा कुणीतरी त्याच सेकंदाची लिंक पाठवली आणि त्यांनी व्हिडिओ तिथूनच सुरू केला. खड्ड्याचंही तसंच, प्रेक्षक निघून गेला की फक्त पुढे सरकला, हे नुसत्या रेषेवरून ओळखता येत नाही. एकच अंदाज बांधता येतो: रेषा खाली जाऊन पुढे पुन्हा वर आली, तर निदान काही जण उडी मारणारे होते. अंदाजावर पुढचा व्हिडिओ बेतायचा नसेल, तर कच्चे आकडे काढा.

ते यूट्यूब अॅनालिटिक्स एपीआयमधून, म्हणजे आकडे थेट मागवायच्या सोयीतून, मिळतात. कोड लिहायची गरज नाही. reports.query च्या अधिकृत पानावरच चाचणीचा फॉर्म आहे. चॅनेलच्याच गूगल खात्यानं परवानगी द्या आणि हे भरा:

```
ids=channel==MINE
startDate=2025-01-01
endDate=2025-03-31
dimensions=elapsedVideoTimeRatio
metrics=startedWatching,stoppedWatching,totalSegmentImpressions
filters=video==VIDEO_ID
```

तारखा आणि व्हिडिओचा आयडी तुमचा टाका. एका वेळी एकच व्हिडिओ चालतो. उत्तरात 100 ओळी येतात, कारण व्हिडिओचे सारखे शंभर तुकडे केलेले असतात. त्या शीटमध्ये चिकटवा. पहिली ओळ शीर्षकांना ठेवली की A मध्ये तुकडा येतो, B मध्ये तिथून पाहायला सुरुवात करणारे, C मध्ये तिथेच पाहणं थांबवलेले आणि D मध्ये तो तुकडा किती वेळा पाहिला गेला ते.

तुकड्याची ओळ नीट लावा. 0.73 म्हणजे 72 टक्क्यांपासून 73 टक्क्यांपर्यंतचा तुकडा, 73 च्या पुढचा नव्हे. दहा मिनिटांच्या व्हिडिओत एक तुकडा सहा सेकंदांचा असतो. किंमत 7:12 ला सुरू होत असेल तर ती 0.73 च्या ओळीत सापडेल. इथे एक ओळ घसरली की पुढचा सगळा हिशेब बाद.

हिशेब वाण्याच्या वहीसारखाच आहे. मागच्या तुकड्यातली माणसं, त्यातून तिथेच थांबलेली वजा, या तुकड्यात नव्यानं सुरू केलेली अधिक. एवढी माणसं इथे असायला हवीत. प्रत्यक्षात जास्त असली तर ती उडी मारून आली, कमी असली तर उडी मारून गेली. 0.73 साठी सूत्र असं:

```
=D74-(D73-C73+B74)
```

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. दहा मिनिटांचा मिक्सरचा रिव्ह्यू, 0:48 ला खोका उघडायला सुरुवात. त्याआधीचा तुकडा 800 वेळा पाहिला गेला, त्यातले 30 तिथेच थांबले, म्हणजे पुढे 770 हवेत. दिसतात 610. म्हणजे खोका दिसताच 160 जण पळाले, पण व्हिडिओ सोडून नव्हे. किमतीच्या आधीच्या तुकड्यात 300, त्यातले 5 थांबले, लिंकवरून थेट आलेले 15, म्हणजे 310 अपेक्षित. दिसतात 450. जादा 140 उडी मारून आलेत. लिंकवाले 15 आपण वेगळे काढले, हे विसरू नका. ते उतावीळ नाहीत, त्यांना कुणीतरी बोट धरून तिथे आणलंय.

ही 140 माणसं आधीच्या भागातून पुढे आली की पुढून मागे परतली? सोडलेल्या जागा बघा. उणे आकडे किमतीच्या आधी साचले असतील तर लोक पुढे सरकले. किंमत संपल्या संपल्या साचले असतील तर दोन शक्यता उरतात: किंमत पुन्हा ऐकायला मागे गेले किंवा निकालाकडे पळाले. निकालाच्या पहिल्या तुकड्यात तितकाच अधिक आकडा दिसला, तर दुसरी शक्यता धरा. तो न दिसता किमतीच्या तुकड्यांतच भर पडलेली असेल, तर तुम्ही भाव घाईत सांगितलात. तपकीर गल्लीतल्या दुकानातला, ऑनलाइन आणि ऑफरचा, असे तीन भाव एका दमात सांगितले की हमखास असं होतं.

हा आकडा निव्वळ असतो. एकाच तुकड्यात पन्नास आले आणि पन्नास गेले तर शून्य दिसेल. एकच माणूस कुठून कुठे गेला, हेही यात कळत नाही. शांत भागातल्या ओळी आधी तपासा. तिथेच आकडा दहाने खालीवर होत असेल, तर किमतीजवळच्या पंधराला भाव देऊ नका. शंभर-दोनशे व्ह्यूजच्या व्हिडिओवर तर हा खटाटोप करूच नका.

उडीचा आकारही बोलतो. एकाच तुकड्यात सगळे पडले असतील तर त्यांना जागा दिसत होती, बहुधा चॅप्टरमुळे. किमतीच्या आधीच्या चार-पाच तुकड्यांत थोडी थोडी भर पडत गेली असेल, तर लोक चाचपडत होते. फोनवर दोनदा टॅप केलं की व्हिडिओ दहा सेकंद सरकतो, म्हणून ते ‘टकटक’ करत येतात. अशा वेळी चॅप्टर लावा: पहिला 0:00 ला, एकूण निदान तीन, प्रत्येक किमान दहा सेकंदांचा.

‘चॅप्टर लावले तर लोक मधलं बघणार नाहीत’, असंही ऐकाल. ते आत्ताही बघत नाहीत, वरच्या उदाहरणातल्या 160 जणांसारखे. मी किमतीचा पल्ला पहिल्या वीस सेकंदांतच बोलून टाकतो आणि कुठे किती पडते हा तपशील नंतर ठेवतो.

बदल केल्यावर पुढच्या रिव्ह्यूत तेच कॉलम भरा आणि खोका उघडतानाचा उणे आकडा त्या वेळच्या प्रेक्षकसंख्येच्या प्रमाणात कमी झाला का, तेवढं बघा. तुलना मिक्सरची मिक्सरशीच करा. आणि स्टुडिओत सबस्क्रायबर व बाहेरचे प्रेक्षक वेगळे करून आलेख पाहिल्याशिवाय निकाल लावू नका. सर्चमधून आलेला माणूस भाव विचारायलाच आलेला असतो, आणि दोन व्हिडिओंत अशा माणसांचा वाटा वेगळा असला की तुमच्या मांडणीचा त्यात काही संबंध नसतानाही आकडा हलतो.