हॉल इफेक्टचं प्रॅक्टिकल: मीटरवरचा आकडा म्हणजे हॉल व्होल्टेज नव्हे, या चुका टाळा

फोंड्याकडच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतली. हॉल इफेक्टचं टेबल आमच्याकडे खिडकीजवळ असायचं. दर वर्षी त्या टेबलावरून कुणीतरी वही घेऊन यायचं आणि म्हणायचं, "सर, रीडिंग एकदम मस्त जुळलीत, पण उत्तर निम्मंच येतंय." हा लेख त्या 'मस्त जुळलेल्या' रीडिंगांबद्दल आहे.

आधी मांडणी पाहू. जर्मेनियमच्या पातळ पट्टीतून लांबीच्या दिशेने करंट सोडायचा आणि पट्टीच्या पृष्ठभागाला काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावायचं. वाहणारे प्रभार एका कडेला ढकलले जातात आणि दोन कडांमध्ये आडवं व्होल्टेज तयार होतं. त्यावरून दर घनमीटरमागे किती वाहक आहेत ते काढायचं. V_H म्हणजे हे आडवं हॉल व्होल्टेज, I करंट, B क्षेत्र, n वाहकांची संख्या, e एका वाहकाचा प्रभार आणि t पट्टीची जाडी:

```
V_H = I B / (n e t)
n = I B / (V_H e t)
```

वाहक जितके कमी, तितकं व्होल्टेज मोठं. एडविन हॉलने 1879 साली हे सोन्याच्या वर्खावर पाहिलं, आणि सोन्यात वाहक इतके दाट असतात की त्याला फारच बारीक व्होल्टेज पकडावं लागलं. आपल्या पेटीत जर्मेनियम असतं म्हणून साध्या मिलिव्होल्टमीटरवर भागतं.

आता ती वही उघडू. पट्टी पी-टाइप, जाडी 0.5 मिमी, रुंदी 4 मिमी, करंट 4 मिलिअँपिअर, क्षेत्र 2000 गॉस म्हणजे 0.2 टेस्ला. मीटरवर आले 23.4 मिलिव्होल्ट. मुलीने करंट उलटा केला, तर −23.2 आले. दोन्ही जवळजवळ सारखे, सरासरी 23.3. तिने n काढला: 4.3 × 10²⁰ दर घनमीटर. पेटीवरच्या चिठ्ठीत होता साधारण 10²¹.

चूक गणितात नव्हती. व्होल्टेज मोजायच्या दोन तारा पट्टीच्या कडांवर अगदी समोरासमोर कधीच बसत नाहीत. एक तार दुसरीच्या केसभर पुढे असली, तरी करंटच्या दिशेतला व्होल्टेजचा थोडा उतार मीटरमध्ये शिरतो. जर्मेनियमचा रोध मोठा असल्यामुळे तो 'थोडा' उतार इथे थोडा राहत नाही. या पट्टीची रोधकता साधारण 3.3 ओहम-सेंटिमीटर. तारा 0.2 मिमीने सरकलेल्या असतील तर मधल्या पट्टीचा रोध सुमारे 3.3 ओहम, आणि 4 मिलिअँपिअरला तेवढ्यावर 13 मिलिव्होल्ट पडतात. म्हणजे खऱ्या हॉल व्होल्टेजपेक्षाही जास्त.

करंट उलटा केल्याने हे पकडता येत नाही, कारण करंटबरोबर हॉल व्होल्टेज उलटतं तसं हे सरकलेल्या तारांचं व्होल्टेजही उलटतं. दोघे हातात हात घालून फिरतात, म्हणून आकडे इतके गोड जुळतात. करंट उलटण्याचा फायदा वेगळा आहे: जोडांवरच्या तापमानातल्या फरकाने येणारं उष्णताविद्युत व्होल्टेज करंटबरोबर उलटत नाही, ते त्यातून जातं. वरच्या 23.4 आणि 23.2 मधला 0.2 चा फरक त्यामुळेच पडला होता.

उलटायचं ते क्षेत्र. करंट पूर्ववत करून मॅग्नेटचा करंट तिला उलटा करायला लावला, मीटर 3.2 वर आला. चिन्ह बदललं नाही म्हणून ती घाबरली, "सर, वायर लूज आहे." वायर ठीक होती. चिन्ह न बदलणं हीच सरकलेल्या तारांची खूण आहे. दोन्ही रीडिंगांमधल्या फरकाचा अर्धा भाग घ्या: 23.4 वजा 3.2, भागिले 2, म्हणजे 10.1 मिलिव्होल्ट. हे हॉल व्होल्टेज. मग

```
n = (0.004 × 0.2) / (0.0101 × 1.6e-19 × 0.0005) ≈ 9.9e20
```

आणि चिठ्ठीशी भांडण मिटलं.

इथे हुशार मुलं एक आडवाट काढतात: क्षेत्र शून्य असताना जे रीडिंग येतं तेच वजा करायचं. आमच्या पट्टीवर ते 13.1 होतं. पण क्षेत्र लावल्यावर पट्टीचा रोध स्वतःच जरा वाढतो, म्हणून क्षेत्रात तीच चुकीची भर 13.3 झाली होती. हा फरक इथे लहान आहे, जास्त क्षेत्राला वाढतो. क्षेत्र उलटून घेतलेल्या जोडीत तो आपोआप जातो. चांगली सवय म्हणजे करंट आणि क्षेत्र दोन्ही उलटून चार रीडिंगं घेणं. त्यातूनही एटिंग्सहाउझेन परिणामाचा लहानसा अंश उरतो. तो हॉल व्होल्टेजसारखाच दोन्हींबरोबर उलटतो, पण या प्रॅक्टिकलमध्ये तो सोडून देता येतो.

दुसरी चूक मॅग्नेटची, आणि ती आमच्या पावसाळ्यात हमखास व्हायची. जुलैत भर प्रॅक्टिकलमध्ये लाइट जायची, परत आली की मुलं जुन्या कॅलिब्रेशनच्या तक्त्यावरून क्षेत्र लिहून टाकायची. लोखंडी गाभ्याला आधीच्या क्षेत्राची आठवण राहते. मॅग्नेटचा करंट शून्य असला तरी मधल्या फटीत 60 गॉस उरले असतील, तर मीटरवर 0.3 मिलिव्होल्टची भर पडते आणि तुम्ही तिला 'शून्य' म्हणता. म्हणून शून्य रीडिंग पट्टी फटीच्या बाहेर काढून घ्या, आणि प्रत्येक वेळी, दोन्ही दिशांना, क्षेत्र गॉसमीटरनेच मोजा. गॉसमीटरचा प्रोबही हॉल इफेक्टवरच चालतो. तो 20 अंश तिरका धरलात तर क्षेत्र 6 टक्के कमी दिसेल. हळूच फिरवून सगळ्यात मोठा आकडा येतो ती जागा पकडा. पट्टीलाही हाच नियम लागू.

पावसाळ्याचा आणखी एक त्रास म्हणजे खारट दमट हवेने टर्मिनलच्या पितळी स्क्रूंवर येणारा हिरवट थर. रीडिंग सतत भटकत असेल तर तार बोटाने हलकेच दाबा. आकडा उडाला तर स्क्रू साफ करा. पट्टीवरच्या जोडांना मात्र हात लावू नका.

t म्हणजे क्षेत्राच्या दिशेतली जाडी, रुंदी नव्हे. 4 मिमी घातले तर n आठपट कमी येतो, आणि आठपट चुकलेलं उत्तर पाहूनही कुणाला शंका येत नाही, कारण सगळं 10 च्या घातांत लपतं.

पट्टी पी की एन हे लिहिण्यापूर्वी क्षेत्राची दिशा होकायंत्राने बघा. सुईचं उत्तर टोक क्षेत्राच्या दिशेने वळतं. करंट आणि क्षेत्र यांच्या सदिश गुणाकाराच्या दिशेला जी कड, तिकडेच वाहक ढकलले जातात, मग ते धन असोत वा ऋण. ती कड धन असेल तर पी, ऋण असेल तर एन. पी-टाइप जर्मेनियम बरंच तापलं तर मात्र हे चिन्ह फसवतं: उष्णतेने इलेक्ट्रॉन सुटतात, ते होलांपेक्षा चपळ असतात, त्यामुळे व्होल्टेज कमी होत शून्यावरून उलटं जातं. म्हणून पट्टीचा करंट उगाच वाढवू नका, आणि हीटर असलेल्या सेटवर आधीच्या बॅचनंतर पट्टी थंड होऊ द्या.

सगळं नीट करूनही उत्तर शेजारच्या टेबलापेक्षा 18 टक्क्यांनी वेगळं आलं तर सूत्र तपासा. काही मॅन्युअलमध्ये 3π/8, म्हणजे 1.18, हा गुणक असतो. स्फटिकाच्या कंपनांमुळे सगळे वाहक सारख्या वेगाने विखुरत नाहीत, त्याची ही भरपाई. तो घेतला तर आमच्या वहीतलं 9.9 × 10²⁰ हे 1.17 × 10²¹ होतं. कुठलं सूत्र वापरलं ते उत्तराशेजारी लिहा. आमच्याकडे तर दोन टेबलांवरची मॅन्युअल्स दोन वेगळ्या आवृत्त्यांची होती.