वारसाचे घर, तीन भावंडे आणि तीन स्वतंत्र उत्तरे : भांडवली नफ्याच्या नोटिशीला उत्तर देण्यापूर्वीची तयारी

नोटीस हाती आली की सर्वप्रथम ती कोणाच्या पॅनवर आहे, कोणत्या आकारणी वर्षाची आहे, कोणत्या कलमाखाली आहे आणि उत्तराची शेवटची तारीख कोणती आहे, या चार गोष्टी प्रत्येक भावंडाने आपापल्या नोटिशीवरून स्वतंत्र कागदावर उतरवून घ्याव्यात. घर एकच विकले असले तरी या चारही गोष्टी सर्वांच्या बाबतीत सारख्या असतात असे नाही. नोटिशीवरील डीआयएन क्रमांक आयकराच्या संकेतस्थळावर "Authenticate Notice/Order Issued by ITD" येथे तपासून घ्यावा.

पुढील सर्व तयारी एका उदाहरणाच्या आधाराने मांडतो. सांगलीच्या गावभागातील घर वडिलांनी १९८४ मध्ये विकत घेतले. आई आधीच वारली होती. वडील २०१६ मध्ये मृत्युपत्र न करता वारले, आणि थोरला भाऊ, बहीण व धाकटा भाऊ अशा तिघांची नावे वारस म्हणून मालमत्ता पत्रकावर लागली. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिघांनी मिळून ते घर ९० लाख रुपयांना विकले. मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य ९६ लाख रुपये होते. पुढे दोघा भावांना कलम १४२(१) खाली प्रश्नावली आली आणि विवरणपत्रच न भरलेल्या बहिणीला कलम १४८ए खाली कारणे दाखवा नोटीस आली. येथील सर्व कलमे १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला असला तरी आधीच्या वर्षांची कार्यवाही जुन्याच कायद्याप्रमाणे चालते.

थोरल्याने तिघांच्या वतीने एक सविस्तर पत्र दिले की काम झाले, अशी आपल्याकडे सर्रास समजूत असते. ती सोडून द्यावी. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलामुलींना मिळालेला हिस्सा हा ज्याच्या त्याच्या वैयक्तिक मालकीचा असतो, एकत्र कुटुंबाचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. म्हणून नफाही प्रत्येकाचा वेगळा आणि कार्यवाहीही वेगळी. थोरल्याच्या लॉगिनमधून गेलेले उत्तर थोरल्याच्याच फायलीत पडते. बहिणीच्या फायलीत मात्र "उत्तर नाही" अशी नोंद राहते आणि अधिकारी उपलब्ध माहितीवरून पुढचा निर्णय घेतो. सल्लागार एकच असला तरी त्याला तिघांनी तीन वेगळी अधिकारपत्रे द्यावीत.

उत्तरे वेगळी असली तरी घराचा इतिहास एकच आहे, त्यामुळे समान कागदपत्रांची एक फाईल तिघांनी एकत्र बसून लावावी आणि तिच्या तीन तंतोतंत सारख्या प्रती कराव्यात. तिच्यात वडिलांचे १९८४ चे खरेदीखत, मृत्यू दाखला, वारस नोंदीचा फेरफार, विक्रीपूर्वीचे मालमत्ता पत्रक, २०२४ चे खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २, दलाली व इतर विक्रीखर्चाच्या पावत्या आणि २००१ च्या मूल्याचा पुरावा असावा. २०१९ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यापैकी काहींची मूळ खरेदीखते भिजून वाया गेली. अशा वेळी नोंदणीच्या दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते, पण तिला दिवस लागतात. म्हणून तो अर्ज पहिल्याच दिवशी टाकावा.

सर्वांत जास्त विसंगती २००१ च्या मूल्यात निघते, म्हणून तेथे थांबून काम करावे. घर वारसाने आले असल्याने वडिलांची खरेदी किंमत हीच मुलांची खरेदी किंमत धरतात, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असल्यास त्याऐवजी त्या तारखेचे बाजारमूल्य घेता येते. आमच्या उदाहरणात नोंदणीकृत मूल्यांकनकाराने ते १५ लाख रुपये ठरवले होते. मात्र २०२० च्या वित्त कायद्याने अशी मर्यादा घातली की जमीन व इमारतीच्या बाबतीत त्या तारखेचे मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल, तर बाजारमूल्य त्याहून जास्त धरता येत नाही. आणि २००१ च्या रेडी रेकनरप्रमाणे या घराचे मूल्य १२ लाख रुपये निघत होते. थोरल्याने सांगलीत विवरणपत्र भरताना १५ लाख धरले, धाकट्याने पुण्यात १२ लाख. अधिकाऱ्याने दोन्ही विवरणपत्रे शेजारी ठेवली की एकाच घराचे एकाच दिवशीचे दोन भाव त्याला दिसतात. येथे थोरल्याने १५ लाखांच्या अहवालाचे समर्थन करत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेल तर ते भरावे. नसेल तर चूक उत्तरातच मान्य करून दुरुस्त हिशेब जोडावा आणि फरकाचा कर व्याजासह भरून त्याचे चलन लावावे.

दुरुस्त हिशेब असा होतो. मुद्रांक मूल्य ९६ लाख असले तरी ते विक्री किमतीच्या ११० टक्क्यांच्या आत, म्हणजे ९९ लाखांच्या आत आहे. त्यामुळे कलम ५०सी प्रमाणे ९० लाखच विक्री किंमत धरली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला ३० लाख येतात. एकूण ९० हजारांच्या विक्रीखर्चातील ३० हजार वजा केल्यावर २९,७०,००० राहतात. २००१ च्या मूल्यातील तिसरा हिस्सा ४ लाख वजा केला की नफा २५,७०,००० रुपये होतो आणि त्यावर १२.५ टक्क्यांनी कर ३,२१,२५० रुपये बसतो. विक्री २३ जुलै २०२४ नंतरची, पण मालमत्ता त्याआधीची असल्याने निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीशी तुलना करता येते : महागाई निर्देशांक २००१-०२ चा १०० आणि २०२४-२५ चा ३६३, म्हणून ४ लाखांचे १४,५२,००० होतात, नफा १५,१८,००० राहतो आणि २० टक्क्यांनी कर ३,०३,६०० रुपये होतो. यातील कमी कर द्यावा लागतो, म्हणून उपकर सोडून प्रत्येकाचे १७,६५० रुपये वाचतात. निर्देशांक २०१६ पासून, म्हणजे वारसा मिळाल्यापासूनच धरायला हवा असा आक्षेप आला, तर मुंबई उच्च न्यायालयाचा मंजुळा शहा प्रकरणातील निर्णय उत्तरात नमूद करावा. आधीच्या मालकाकडे मालमत्ता होती तेव्हापासूनचा निर्देशांक त्यात मान्य झाला आहे. एखादे भावंड करदृष्ट्या अनिवासी असेल तर त्याला ही तुलना उपलब्ध नाही, त्यामुळे त्याने भावाचा हिशेब जसाच्या तसा उतरवू नये.

आता मूळ प्रश्न का निर्माण झाला ते प्रत्येकाने आयकराच्या संकेतस्थळावरील आपल्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये पाहावे. दुय्यम निबंधक कार्यालयाकडून आलेल्या माहितीत पुष्कळदा पूर्ण ९० लाख प्रत्येक विक्रेत्याच्या पॅनवर दिसतात आणि विवरणपत्रात ३० लाखच असल्याने ६० लाख लपवल्यासारखे वाटते. तेथे "Information is not fully correct" हा अभिप्राय निवडून आपल्या वाट्याची रक्कम भरावी. परंतु तो अभिप्राय म्हणजे नोटिशीचे उत्तर नव्हे, तेव्हा त्याची प्रत उत्तराला जोडावी. खरेदीदाराने कापलेला कर, म्हणजे टीडीएसही याच वेळी जुळवून घ्यावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व विक्रेत्यांची एकत्रित रक्कम पाहून ५० लाखांची मर्यादा ठरते आणि कपात विक्री किंमत व मुद्रांक मूल्य यांतील मोठ्या रकमेवर १ टक्का असते. म्हणून जमा झालेला कर दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये प्रत्येकाच्या नावावर ३२ लाखांवर ३२ हजार दिसणे बरोबर आहे, आणि ३० व ३२ लाखांतील हा फरक उत्तरात एका वाक्यात समजावून द्यावा. खरेदीदाराने हा कर भरण्याचे २६क्यूबी फॉर्म तिघांसाठी तीन वेगळे न भरता सगळे ९६ हजार थोरल्याच्याच पॅनवर भरले असतील, तर त्याच्याकडून दुरुस्ती करून घ्यावी.

पैशांचा माग हा नाजूक भाग आहे, आणि घरातल्या घरात त्याविषयी बोलणे अवघड जाते म्हणूनच तो बहुधा कच्चा राहतो. सर्व रक्कम थोरल्याच्या खात्यात जमा झाली असेल, तर त्याने ती जमा झाल्याचा आणि तेथून भावंडांच्या खात्यांत त्यांचा वाटा गेल्याचा खातेउतारा त्या नोंदींवर खूण करून जोडावा, आणि इतर दोघांनी आपल्या खात्यातील त्याच तारखेची जमा दाखवावी. बहिणीने "मला काही नको" म्हणून आपले ३० लाख भावाकडेच राहू दिले असतील, तरी विक्रीच्या दिवशी मालमत्ता पत्रकावर आणि खरेदीखतावर तिचे नाव असल्याने त्या तिसऱ्या हिश्शाचा नफा तिचाच धरला जातो. भावाला दिलेली रक्कम ही नंतरची भेट ठरते. भावंड कायद्याने नातेवाईक असल्यामुळे त्या भेटीवर भावाला कर लागत नाही, पण बहिणीचा कर त्यामुळे टळत नाही. विक्रीपूर्वी बहिणीने मोबदला न घेता नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिले असते तर चित्र वेगळे असते. विक्रीनंतर साध्या किंवा स्टॅम्प पेपरवर मागील तारखेचे हक्कसोडपत्र करू नये. तो दस्त उपयोगी पडत नाही आणि उलट तिघांच्याही खरेपणावर संशय आणतो.

सवलतीचे पुरावे मात्र ज्याचे त्याने स्वतंत्र लावावेत. आमच्या उदाहरणातील बहिणीने फेब्रुवारी २०२५ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, कलम ५४ईसी खालील रोखे २५,७०,००० रुपयांचे घेतले आणि कर शून्य म्हणून विवरणपत्र भरले नाही. येथेच ती चुकली, कारण ही सवलत वजा करण्यापूर्वीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल तर विवरणपत्र भरणे बंधनकारक असते. तिने उत्तरात विवरणपत्र राहून गेल्याचे सरळ मान्य करावे, संपूर्ण हिशेब मांडावा आणि रोख्यांचे वाटपपत्र व पैसे गेल्याचा खातेउतारा जोडावा. धाकट्याने साताऱ्यात सदनिका घेण्यासाठी रक्कम राखून ठेवली होती. कलम ५४ साठी त्याला भांडवली नफा खाते योजनेतील पासबुक लागेल आणि त्यातील जमेची तारीख विवरणपत्राच्या मुदतीच्या, म्हणजे त्या वर्षी १६ सप्टेंबर २०२५ च्या आतली असायला हवी. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवलेली रक्कम यासाठी चालत नाही. थोरल्याने काहीच गुंतवले नाही, म्हणून त्याने भावंडांच्या सवलतींचा उल्लेखही करू नये. त्याच्याकडून माहिती मागितली आहे ती त्याच्या हिश्शाची.

उत्तराचा मसुदा करताना पहिल्या परिच्छेदात आपला एक तृतीयांश हिस्सा, तो कसा आला आणि इतर सहविक्रेत्यांची नावे व त्यांच्या संमतीने त्यांचे पॅन द्यावेत. पुढे प्रश्नावलीतील प्रश्न त्याच क्रमाने घेऊन प्रत्येक उत्तरासमोर जोडपत्राचा क्रमांक लिहावा. "भावाने दिलेल्या उत्तराप्रमाणे" असे लिहू नये, कारण भावाची फाईल कदाचित वेगळ्याच अधिकाऱ्यापुढे असेल. खरेदीखताची नक्कल वेळेत मिळणार नसेल तर मुदत संपण्याआधीच "e-Proceedings" मधून "Seek Adjournment" द्वारे कारण देऊन मुदत मागावी. पाठवण्याच्या आदल्या दिवशी तिघांनी आपापले मसुदे एकमेकांना वाचून दाखवावेत आणि विक्रीची तारीख, एकूण किंमत, मुद्रांक मूल्य, २००१ चे मूल्य, विक्रीखर्च व प्रत्येकाचा हिस्सा एवढ्याच गोष्टी पेन्सिलने ताडून पाहाव्यात. यातील एकही आकडा जुळत नसेल तर त्या दिवशी कोणीही उत्तर पाठवू नये.